फोर्कलिफ्टचा एक तास कितीला पडतो

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत स्टोअर आणि मेंटेनन्स सांभाळताना फोर्कलिफ्ट खरेदीच्या बऱ्याच बैठकांना बसलो. किंमत किती आणि सर्व्हिस कोण देणार, हे दोन प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतात. कामाचा एक तास कितीला पडेल, हे क्वचितच कोणी विचारतं. कोणी विचारलंच, तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला आकडा वाचून दाखवला जातो. इथले सगळे अनुभव तीन टन उचलणाऱ्या, मागच्या वजनावर तोल सांभाळणाऱ्या नेहमीच्या फोर्कलिफ्टचे आहेत. भाव मी समजायला सोपे म्हणून गोल करून घेतलेत. तुमच्या बिलावरचे भाव घालून आकडेमोड पुन्हा करावी.

१. मीटरचा तास आणि कामाचा तास वेगळे असतात

डिझेल गाडीचा आवर मीटर साधारणपणे चावी फिरवून इंजिन सुरू झालं की पळायला लागतो. गाडी ट्रकची वाट बघत उभी असली तरी तो पळतच असतो. बॅटरीच्या बऱ्याच गाड्यांत मात्र चाकांची किंवा हायड्रॉलिक पंपाची मोटर फिरते तेवढाच वेळ मोजला जातो. त्यामुळे एकाच गेटवर, तेवढीच पॅलेट उतरवून, डिझेल गाडी एका पाळीत सात तास दाखवते आणि बॅटरीची गाडी चार. आता दोन्हींचा वर्षाचा खर्च आपापल्या मीटरच्या तासांनी भागला तर डिझेल स्वस्त दिसणारच. उभ्या राहिलेल्या तीन तासांनीही तो खर्च वाटून घेतलेला असतो.

म्हणून मीटर बाजूला ठेवून आम्ही आमच्यापुरतं एक माप ठरवलं. ३० पॅलेट उचलून जागेवर ठेवली की एक कामाचा तास. गेटची नोंदवही आणि स्टोअरच्या पावत्या यांवरून हा आकडा रोज मिळतो, त्यासाठी वेगळा माणूस लागत नाही. तुमच्याकडे पॅलेटऐवजी कॉइल असतील, डाय असतील, तर तुमचं माप वेगळं असेल. पण तुलना करायच्या सगळ्या गाड्यांना माप एकच हवं.

माहितीपत्रकातल्या इंधनाच्या आकड्याचंही तसंच आहे. तो बहुतेकदा व्हीडीआय २१९८ या जर्मन पद्धतीने काढलेला असतो, म्हणजे ठरावीक अंतराच्या, ठरावीक संख्येच्या फेऱ्या मारून. दोन गाड्या एकमेकींशी ताडायला तो चांगला आहे. तुमच्या यार्डातले उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि शेडकडे चढणारा रॅम्प त्यात नसतो.

२. इंधन स्वतः मोजा, पंधरा दिवस पुरतात

डिझेलचं मोजमाप टाकी ते टाकी करायचं. सकाळी, एकाच सपाट जागेवर गाडी उभी करून टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि रोज किती लिटर मावलं ते लिहायचं. आमच्याकडे पाळीला जवळपास १३ लिटर जात होतं. मीटरच्या सात तासांनी भागलं तर तासाला दोन लिटरच्या आत, आणि विक्रेताही तेच सांगत होता. कामाच्या चार तासांनी भागलं तर ३.२ लिटर. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पैसे दुसऱ्या आकड्याने जातात.

उभ्या गाडीचं इंजिन का चालू ठेवतोस, असं ऑपरेटरला विचारलं तर उत्तर सरळ आलं. “साहेब, बंद केली की लवकर सुरू होत नाही. ट्रकवाला ओरडतो, मग सुपरवायझर ओरडतो.” स्टार्टरची बॅटरी उतरली होती. ती बदलल्यावर इंजिन बंद ठेवायला त्याची काही हरकत राहिली नाही. वाट बघणाऱ्या इंजिनाला तासाला पाऊण-एक लिटर लागतं. म्हणजे नवी गाडी घ्यायच्या आधी जुन्या गाडीचा खरा खर्च कळला पाहिजे, नाहीतर बिघडलेल्या डिझेल गाडीशी कोऱ्या बॅटरीच्या गाडीची तुलना होते.

एलपीजीचं माप काट्यावर. सिलिंडर लावण्याआधी वजन करायचं आणि काढल्यावर पुन्हा करायचं. सिलिंडर कधीच पूर्ण रिकामा होत नाही. १९ किलोपैकी साधारण एक किलो तळाशी परत जातो आणि त्याचे पैसे आपण दिलेले असतात. आमच्यासारख्या कामाला तासाला सव्वातीन किलोच्या आसपास गॅस लागतो.

विजेसाठी चार्जरच्या सॉकेटवर छोटा सब-मीटर बसवायचा. गाडीच्या पडद्यावर दिसणारे युनिट बॅटरीतून निघालेले असतात, बिल भिंतीतून निघालेल्या युनिटचं येतं. लेड-ॲसिड बॅटरीत या दोहोंत मोठी तफावत असते. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी ७०-७५ टक्केच कामाला येते, उरलेली चार्जरच्या आणि बॅटरीच्या उष्णतेत आणि शेवटच्या टप्प्यात पाण्याचे बुडबुडे काढण्यात जाते. लिथियमला हेच प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असतं. कामाच्या तासाला बॅटरीतून ६ युनिट लागत असतील तर बिलावर लेड-ॲसिडला ८.३ आणि लिथियमला ६.७ युनिट पडतात.

३. भाव कराशिवाय धरा

डिझेल अजून जीएसटीत नाही. त्यावरच्या व्हॅटची वजावट आपल्याला मिळत नाही, म्हणून पंपावरचा पूर्ण भाव हाच आपला खर्च. व्यावसायिक एलपीजीवर १८ टक्के जीएसटी असतो आणि तो वजा मिळतो. १,७५० रुपयांचा सिलिंडर कारखान्याला १,४८३ रुपयांना पडतो, आणि तळाशी राहणारा किलो सोडला तर वापरता येणाऱ्या किलोला ८२ रुपये. पर्चेस विभागाच्या तक्त्यात दोन्ही भाव करासकट लिहिलेले मी बऱ्याचदा पाहिलेत. तिथेच एलपीजी हरतो.

४. दिवसाला किती तास, यावर सगळं फिरतं

आता एक उदाहरण पूर्ण मांडतो. दोन पाळ्या, दिवसाला कामाचे ८ तास, वर्षाला ३०० दिवस, पाच वर्षं, म्हणजे एकूण १२,००० तास. डिझेल ९० रुपये लिटर, वीज सगळे आकार धरून साडेनऊ रुपये युनिट, अडकलेल्या पैशावर १० टक्के व्याज. ऑपरेटरचा पगार आणि टायर सगळीकडे सारखे धरून सोडून दिलेत.

डिझेल गाडी १३ लाखांची, शेवटी ३ लाखांना विकली. व्याज धरून भांडवलाचा वाटा तासाला ११७ रुपये, इंधन २८८, तेल-फिल्टर-दुरुस्ती ६०. एकूण ४६५.

एलपीजी गाडी साडेचौदा लाखांची, विकताना तेवढेच ३ लाख. भांडवल १३२, गॅस २६४, देखभाल ६०. एकूण ४५६. दोहोंत फरक इतका थोडा आहे की सिलिंडरचा भाव महिन्याच्या पहिल्या तारखेला थोडा हलला की निकाल बदलतो.

लेड-ॲसिडची गाडी बॅटरी-चार्जरसह १७ लाखांची. पण ४८ व्होल्ट, ७०० अँपिअर-अवरची बॅटरी ८० टक्के वापरली तर २७ युनिट देते, म्हणजे साडेचार तासांचं काम. दोन पाळ्यांना दुसरी बॅटरी आणि ती बदलायची ट्रॉली घ्यावीच लागते, आणखी ५ लाख. पाच वर्षांनी हातात दोनेक लाख येतात. भांडवल २१७, वीज ७९, देखभाल आणि पाणी भरणं ३८. एकूण ३३४.

लिथियमची गाडी २१ लाखांची, शेवटी ४ लाख. बॅटरी एकच, जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत चार्ज होते. भांडवल १९४, वीज ६३, देखभाल ३०. एकूण २८७.

दोन पाळ्यांत सगळ्यात महाग गाडीचा तास सगळ्यात स्वस्त. आता तीच लिथियमची गाडी अशा कारखान्यात नेऊ जिथे दिवसाला एकच तास काम आहे, वर्षाला ३०० तास, आणि गाडी दहा वर्षं वापरायची आहे. डिझेलचा तास ९६५ रुपयांना पडतो, लिथियमचा १,११० आणि लेड-ॲसिडचा १,१३४. लेड-ॲसिड इथे सगळ्यात मागे पडते, कारण ती वापराने नाही तरी वयाने मरते आणि दहा वर्षांत एकदा बदलावी लागते.

या दोन टोकांच्या मध्ये कुठे पारडं फिरतं? लिथियम घेतल्याने भांडवलापोटी वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास जास्त जातात. चालवण्यात तासाला २५५ रुपये वाचतात. भागाकार केला की वर्षाला पावणेपाचशे तास येतात, म्हणजे दिवसाला दीड तासाच्या थोडं वर. माझ्या अंदाजाने दोन तासांच्या खाली बॅटरीच्या गाडीसाठी हट्ट धरू नये, तीन तासांच्या वर नवी डिझेल गाडी पैशासाठी म्हणून तरी घेऊ नये. मधल्या पट्ट्यात बाकीच्या गोष्टी बघायच्या.

भाववाढीचंही इथेच पाहून घ्यावं. डिझेल लिटरला १० रुपयांनी वाढलं तर कामाचा तास ३२ रुपयांनी वाढतो. वीज युनिटला एक रुपयाने वाढली तर लिथियमचा तास सात रुपयांनीसुद्धा वाढत नाही. बॅटरीच्या गाडीचा बहुतेक खर्च खरेदीच्या दिवशीच ठरून जातो. त्यामुळे तिची चूक इंधनाच्या भावात होत नाही, तासांच्या अंदाजात होते. विस्तार होणार आहे, पुढच्या वर्षी दुसरी पाळी सुरू होणार आहे, अशा बोलण्यावर १२,००० तास लिहू नयेत. आज जेवढे तास मोजले तेवढेच लिहावेत.

५. लेड-ॲसिड स्वस्त राहते, पण तिला रात्र लागते

पाच वर्षं टिकेल असं मी वर धरलं ते १,५०० चक्रांच्या हिशेबाने, दिवसाला एक चक्र. हे आयुष्य तिला शिस्तीत वागवलं तरच मिळतं. आठ ते दहा तास चार्जिंग, त्यानंतर थंड व्हायला काही तास, मग एक पाळी काम. दुसऱ्या पाळीला गाडी कमी पडायला लागली की ऑपरेटर चहाच्या सुट्टीत प्लग लावतात. लिथियमला हे चालतं, तिची तीच रीत आहे. लेड-ॲसिडला नाही. अर्धवट चार्ज करून पुन्हा जुंपलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं, बॅटरी तापलेलीच राहते, आणि दिवसाला एकाऐवजी दोन-तीन चक्रं मोजली जातात. पाच वर्षांची बॅटरी मग अडीच-तीन वर्षांत जाते. तसं झालं की वरच्या ३३४ रुपयांत तासाला चांगले ७५ रुपये आणखी मिळवावे लागतात, कारण नव्या जोडीचे नऊ लाख त्याच १२,००० तासांवर पडतात.

बॅटरी उतरणीला लागली हे लवकर ओळखता येतं. पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची घनता घ्यायची. चांगल्या सेलमध्ये ती १.२८ च्या आसपास मिळते. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३ ने खाली राहायला लागला, तर त्याच्यावर खूण करून दर आठवड्याला लक्ष ठेवायचं. काम करताना एखादा सेल हाताला जास्त गरम लागतो, पाळीच्या शेवटच्या तासात मास्ट संथ चढतो, हीही लक्षणं आहेत. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर भरायचं, आधी नाही. आधी भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी वर येते आणि ॲसिड झाकणांतून बाहेर सांडतं. मग ट्रे गंजतो, आणि सांडलेल्या ॲसिडच्या जागी पाणी भरत राहिल्याने बॅटरी कायमची पातळ होते.

चार्जिंगची जागाही खर्चात धरायला हवी. शेवटच्या टप्प्यात हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की तो पेटू शकतो. त्यामुळे उंचावर खिडक्या किंवा पंखा, डोळे धुवायचा नळ, आणि वेल्डिंगपासून लांब असा कोपरा हवा. गाळ्यात जागेचं भाडं देणाऱ्याला हा कोपरा फुकट पडत नाही.

६. संध्याकाळी पाचचा प्रश्न

महावितरणच्या औद्योगिक बिलात दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतो. पूर्वी रात्रीच्या विजेला सवलत होती, त्यामुळे बॅटरी रात्री लावा असं सगळेच सांगायचे. आता सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या उन्हाच्या तासांत आली आणि पाचनंतर मध्यरात्रीपर्यंत जादा दर लागतो. पहिल्या पाळीची बॅटरी साडेतीनला उतरवून चार्जरला लावली तर तिचं बहुतेक चार्जिंग महागड्या तासांत होतं. चार्जरला टायमर लावून ते मध्यरात्रीनंतर ढकलता येतं, पण दोनच बॅटऱ्या असतील तर सकाळच्या पाळीपर्यंत थंड व्हायला वेळ उरत नाही. लिथियमला दुपारच्या जेवणात आणि पाळी बदलताना पाचच्या आत भरून घेता येतं. वरच्या हिशेबात मी तिला त्याचा फायदा दिलेला नाही.

आणखी दोन गोष्टी विजेच्या कंत्राटदाराला विचाराव्यात. उच्चदाबाच्या ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणून ट्रान्सफॉर्मरवाला जुना चार्जर खराब पॉवर फॅक्टरमुळे सब-मीटरच्या युनिटपेक्षा जास्त बिल आणतो. आणि लिथियमचा फास्ट चार्जर १५ किलोवॉटच्या आसपास ओढतो. तीन गाड्या एकदम जेवणाच्या सुट्टीत लागल्या तर मंजूर मागणी ओलांडली जाते का, ते आधी बघायचं. कंप्रेसर आणि प्रेस त्या वेळी बंद असतील तर बहुधा नाही.

७. एलपीजी कुठे बसतो

पैशात एलपीजी आणि डिझेल जवळपास बरोबरीत, मग एलपीजी का घ्यावा? तीन पाळ्या चालतात, चार्जिंगला जागा नाही, आणि गाडी अर्धा वेळ शेडच्या आत आहे, अशा ठिकाणी त्याचं काम आहे. सिलिंडर पाच मिनिटांत बदलतो. डिझेलची काजळी आत नको असते, आणि डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. एलपीजीचा धूर दिसत नाही म्हणून तो निर्धोक समजू नये. मिश्रण बिघडलं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि बंद शेडमध्ये ऑपरेटरचं डोकं दुखायला लागतं. दर सर्व्हिसला धूर मीटरवर तपासून घ्यावा.

गाडी मागवण्याआधी पुरवठादाराकडून एक गोष्ट लेखी घ्यावी, ती म्हणजे द्रव गॅस देणारा सिलिंडर नियमित मिळेल का. फोर्कलिफ्टच्या इंजिनाला सिलिंडरमधून द्रव गॅस लागतो, तो इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या व्हेपोरायझरमध्ये वायू होतो. हॉटेलात दिसणारा सिलिंडर वरून वायू सोडतो. तो लावला तर जड माल उचलताना गॅस कमी पडतो, सिलिंडर गारठून बाहेरून घामाघूम होतो आणि इंजिन बसतं. त्यावर काही ठिकाणी सिलिंडर उलटा बांधायचा जुगाड चालतो. मी ज्या आवारात तो पाहिला तिथे त्या गाडीजवळ उभा राहिलो नाही.

१०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला परवाना लागत नाही. दोन पाळ्यांच्या एका गाडीला रोज दीड सिलिंडर लागतो, म्हणजे पाच सिलिंडरच्या साठ्यात तीन दिवस निघतात. गाड्या दोन झाल्या की दिवाळीच्या सुट्टीत वितरकाची गाडी आली नाही तर काय, याचं उत्तर तयार ठेवावं लागतं.

८. डिझेल ठेवायचं तर जुनं ठेवा

चढाचं यार्ड, पावसात उघड्यावर काम, आठवड्यातून दोन ट्रक, अशा ठिकाणी डिझेल अजूनही शहाणपणाचं आहे. लांब रॅम्पवर माल घेऊन चढताना बॅटरीच्या गाडीची मोटर तापते आणि कंट्रोलर स्वतःच वेग कमी करतो. पण एवढ्या कमी तासांसाठी १३ लाखांची नवी गाडी कशाला? वरच्या ९६५ रुपयांपैकी ६१७ रुपये भांडवलाचे आहेत. चार-पाच लाखांत मिळणारी चांगली वापरलेली गाडी हा वाटा अर्ध्याहून खाली आणते, दुरुस्ती दुप्पट धरली तरी. एका कारखान्यात आम्ही मोठ्या कामाला लिथियम घेतली आणि जुनी डिझेल गाडी विकायच्या ऐवजी यार्डासाठी ठेवली. बदल्यात विक्रेता तिचे जे पैसे देत होता, त्यात तिच्या जागी काही आलं नसतं.

जुन्या लेड-ॲसिड गाडीत लिथियम बसवून स्वस्तात काम भागवायचा प्रस्तावही हल्ली येतो. त्या वेळी गाडीची प्लेट वाचायची. तिथे बॅटरीचं किमान वजन लिहिलेलं असतं. लेड-ॲसिडची बॅटरी टनाच्या आसपास भरते आणि पुढच्या मालाचा तोल सांभाळण्यात तिचा वाटा असतो. लिथियमचा पेटारा त्याहून बराच हलका. कमी पडणारं वजन लोखंडाने भरून, ते बोल्टने घट्ट करून आणि गाडी बनवणाऱ्याची लेखी संमती घेऊन काम झालं असेल तरच सही करावी. कोटेशनमध्ये त्या लोखंडाची ओळ दिसली नाही, तर विकणाऱ्याने प्लेट वाचलेली नाही असं समजून मी कागद परत पाठवतो.